टाकीत उतरायचं कोणी सांगितलं?

औद्योगिक सुरक्षेच्या पदविकेला किंवा कामगार कायद्याच्या पेपरला एक प्रश्न हमखास असतो: ‘मालकाची कर्तव्ये आणि कामगाराचे हक्क यांची तुलना करा.’ बहुतेक विद्यार्थी पानावर मधोमध रेघ ओढतात आणि डावीकडे कर्तव्ये, उजवीकडे हक्क अशी यादी उतरवून काढतात. यादी बरोबर असते, तरी गुण निम्मेच पडतात. कारण परीक्षकाला हवं असतं ते या दोन्हींतलं नातं, आणि ते यादीत दिसत नाही.

म्हणून हल्ली प्रश्न प्रसंग देऊन विचारला जातो. असा एक प्रसंग घेऊ. रसायनांच्या कारखान्यात जमिनीखालची सांडपाण्याची टाकी साफ करायची आहे. सुपरवायझर एका कामगाराला आत उतरून तळाचा गाळ खरवडायला सांगतो. साधा कापडी मास्क देतो आणि त्याचे पैसे पगारातून कापले जातील असंही सांगतो. कामगार म्हणतो, ‘साहेब, आत वास मारतोय.’ सुपरवायझर झाकणाशी वाकून म्हणतो, ‘मला तर आता येत नाही. उतर.’

पहिला उपप्रश्न: मालकाचं काय चुकलं? देशात नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेच्या कलम 6 प्रमाणे कामाची जागा इजा किंवा व्यवसायजन्य आजार होईल अशा धोक्यांपासून मुक्त ठेवणं हे मालकाचं काम आहे. त्यासाठी कामगाराने मागणी करायची गरज नाही. इथे नाकाने घेतलेली परीक्षा चालत नाही. अशा टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो आणि प्रमाण वाढलं की वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. त्यामुळे ‘वास येत नाही’ याचा अर्थ ‘वायू नाही’ असा होत नाही. मीटरने वर, मध्ये आणि तळाशी मोजणी, हवा खेळती करणं, लेखी परवाना आणि दोराचं टोक धरून बाहेर उभा असलेला माणूस, एवढं झाल्याशिवाय कोणाला आत सोडायचं नसतं. कापडी मास्क तर वायू अडवतच नाही. शिवाय सुरक्षेसाठी दिलेल्या कोणत्याही गोष्टीचे पैसे कामगाराकडून घ्यायला याच कलमात मनाई आहे. म्हणजे ती पगारकपात हा वेगळा भंग झाला.

दुसरा उपप्रश्न: कामगार काय करू शकतो? इथे अनेक जण बेधडक लिहितात की तो काम बंद करू शकतो. संहितेच्या कलम 14 मध्ये तसे शब्द नाहीत. कलम सांगतं ते असं: कामगार सुरक्षेची माहिती मागू शकतो. जीवघेणा धोका समोर दिसत असेल, तर तो मालकाला थेट किंवा सुरक्षा समितीमार्फत कळवू शकतो आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही. भोपाळनंतर 1987 च्या दुरुस्तीने जुन्या कारखाने अधिनियमात कामगारांच्या हक्कांचं कलम 111-अ घातलं गेलं. आजच्या कलमाची मुळं तिथे आहेत.

तिसरा उपप्रश्न नेमका खुबीचा: मालकाला धोका वाटलाच नाही तर? हक्क आणि कर्तव्य इथे एकमेकांत अडकतात. धोका पटला तर मालकाने लगेच उपाय करून निरीक्षकाला कळवायचं. पटला नाही, तरी प्रकरण ताबडतोब निरीक्षकाकडे पाठवायचंच, आणि धोका आहे की नाही याचा अंतिम निर्णय निरीक्षकाचा. म्हणजे कामगाराने तोंड उघडताच मालकावर नवं कर्तव्य येतं, आणि ‘मला तर वास येत नाही’ हे उत्तर कायद्याला पुरत नाही.

चौथा उपप्रश्न: समजा योग्य श्वसनयंत्र दिलं होतं आणि कामगाराने ते लावलंच नाही, तर मालक सुटला का? कामगाराचीही कर्तव्ये आहेत. कलम 13 प्रमाणे त्याने स्वतःची आणि इतरांची काळजी घ्यायची, सूचना पाळायच्या, असुरक्षित गोष्ट दिसली की कळवायची. म्हणजे धोका कळवणं हा त्याचा हक्क आहे तसंच कर्तव्यही. पण त्याची चूक मालकाची चूक पुसत नाही. वायू मोजला का, परवाना दिला का, यंत्र लावल्याची खात्री केली का, हे प्रश्न उभेच राहतात. दोघांच्या जबाबदारीचं वजन कायद्याने शिक्षेतच सांगितलं आहे: कर्तव्य चुकवणाऱ्या कामगाराला जास्तीत जास्त 10 हजार रुपये दंड. मालकाने कर्तव्य न पाळल्यामुळे जीव गेला, तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 5 लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. तुलनेच्या उत्तराचा शेवट या आकड्यांवर करावा. दोन्ही रकाने सारखे का नाहीत, हे त्यातून स्पष्ट होतं.