माणूस बदलला, बोलणी तीच

कारखान्यातला विक्री अभियंता नोकरी सोडून जातो, तेव्हा जुनी गिऱ्हाइकं सहसा लगेच तुटत नाहीत. त्यांच्याकडे कंपनीचं मशिन बसलेलं असतं, त्यांना सुटे भाग लागतात, सर्व्हिस लागते. धोका असतो तो ऑर्डरच्या उंबरठ्यावर असलेल्या पार्ट्यांचा. त्यांनी कोटेशन घेतलेलं असतं, मशिन पाहून गेलेले असतात, भावाची घासाघीस सुरू असते. पण ॲडव्हान्स अजून दिलेला नसतो. त्यांना कंपनीशी बांधून ठेवणारी गोष्ट एकच असते, एका माणसाशी झालेलं बोलणं. त्यामुळे त्यांच्यासमोर नवा माणूस आणताना त्याच्या ओळखीपेक्षा हे झालेलं बोलणं सुखरूप पोचवणं महत्त्वाचं ठरतं.

एक उदाहरण घेऊ. भोसरीत पाऊच पॅकिंगची मशिन्स बनवणारा एक कारखाना आहे आणि सोलापूरचे एक फरसाण उत्पादक त्यांच्याकडून मशिन घेण्याच्या विचारात आहेत, असं समजा. किंमत चौदा लाख. कोटेशनमध्ये दोनशे ग्रॅमच्या पाऊचसाठी मिनिटाला चाळीस पाऊच असा वेग लिहिला आहे. फरसाण उत्पादकाने स्वतःचा माल आणि छापील फिल्मचा रोल ट्रायलसाठी पाठवायचं कबूल केलं आहे. इथपर्यंतचं सगळं कागदावर आहे. पण पाऊचची रुंदी बदलली की फिल्मला आकार देणारा फॉर्मिंग सेटही बदलावा लागतो, आणि चारशे ग्रॅमच्या पाऊचसाठी लागणारा दुसरा सेट 'आमच्याकडून' असं विक्री अभियंत्याने फोनवर सांगितलं आहे. ते फक्त दोघांनाच माहीत. आता त्या अभियंत्याने राजीनामा दिला आहे.

पहिलं काम गिऱ्हाइकाला फोन करण्याचं नाही. नोटीस पिरियड संपायच्या आत जाणारा, येणारा आणि विक्रीप्रमुख अशा तिघांनी एकत्र बसून चालू बोलण्यांची यादी करायची. गेल्या तीन महिन्यांत ज्यांच्याशी खरोखर चर्चा झाली तेवढ्याच पार्ट्या या यादीत घ्याव्यात; जुन्या, थंडावलेल्या चौकश्या नंतर पाहता येतात. प्रत्येक पार्टीसाठी एक पान पुरतं. निर्णय कोण घेतो, मशिन प्रत्यक्ष कोण वापरणार, घोडं कुठे अडलं आहे, शेवटचं बोलणं कधी झालं आणि पुढचं कधी ठरलं आहे, एवढं त्यावर लिहायचं. त्याखाली एक प्रश्न आवर्जून विचारायचा : "कोटेशनमध्ये नाही, पण तोंडी काय कबूल केलं आहे?" फॉर्मिंग सेटची गोष्ट इथे बाहेर येते. इथे आली नाही, तर पुढे भर मीटिंगमध्ये येते.

माणूस अचानक गेला असेल तर हे पान मागे जाऊन तयार करावं लागतं. कंपनीचे ईमेल आणि कोटेशनचं रजिस्टर तर पाहायचंच, शिवाय अकाउंट्स विभागातली प्रवासभत्त्याची व्हाउचर्सही पाहायची. कोणाकडे, कोणत्या तारखेला, किती वेळा गेला हे त्यावरून कळतं. ट्रायल घेणाऱ्या फिटरलाही विचारावं; गिऱ्हाइकाची खरी तक्रार अनेकदा त्याच्या कानावर पडलेली असते. जाणाऱ्याचा ईमेल पत्ता बंद न करता त्यावर येणारी पत्रं नव्या माणसाकडे वळवावीत. संपर्काचा नंबर कंपनीच्या सिमचा असेल तर तो कंपनीकडेच ठेवावा.

मग फोन. जाणारा अजून कामावर असेल आणि संबंध चांगले असतील, तर त्याने स्वतः नव्याला बरोबर घेऊन बोलणं सर्वांत उत्तम. तो नसेल तर मालकाने किंवा विक्रीप्रमुखाने बोलावं. नव्या माणसाने एकट्याने पहिला फोन करू नये. अनोळखी आवाज ऐकला की गिऱ्हाइकाला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागणार असं वाटतं. हे बोलणं त्याच आठवड्यात व्हायला हवं, कारण बातमी दुसरीकडून कळली तर कंपनीने लपवलं असा अर्थ निघतो. जाणाऱ्याच्या कारणांची चर्चा नको आणि त्याच्याबद्दल वावगा शब्द तर मुळीच नको. गिऱ्हाइकाने त्याच्यावरच विश्वास टाकलेला असतो.

फोननंतर लेखी निरोप जातो. तो असा असू शकतो :

"नमस्कार शेठ, आत्ता फोनवर बोललो त्याप्रमाणे, आपलं काम आजपासून आमचे नवे सहकारी पाहतील. आपल्या मशिनचं कोटेशन आहे तसंच कायम आहे. चारशे ग्रॅमसाठी दुसरा फॉर्मिंग सेट देण्याचं ठरलं होतं, तेही कायम. आपला फिल्मचा रोल आला की तीन दिवसांत ट्रायल घेऊ. ऑर्डरचा निर्णय होईपर्यंत मीही या कामात आहे; माझा नंबर आपल्याकडे आहेच."

यात नव्या माणसाची पदवी, अनुभव यांचं वर्णन नाही. गिऱ्हाइकाला कळायला हवं ते एवढंच, की त्याचं काम कुठे पोचलं आहे आणि पुढे काय होणार. तोंडी वचन इथे पहिल्यांदा लेखी झालं. ते अधिकाराबाहेर दिलेलं असलं तरी, झेपत असेल तर पाळावं. अजिबात झेपत नसेल तर मालकाने स्वतः फोनवर सांगावं आणि बदल्यात काय देता येईल तेही त्याच फोनवर सांगावं. नव्या माणसाचं पहिलं वाक्य नकाराचं असू नये. दरम्यानच्या काळात कोटेशनची मुदत संपली असेल तर त्याच भावात ती वाढवून द्यावी. माणूस आणि भाव एकाच वेळी बदलले, की पार्टी दुसरीकडून कोटेशन मागवते.

पहिल्या भेटीत "आपली गरज काय?" हा प्रश्न नव्याने विचारायचा नाही. हातातलं पान वाचून दाखवायचं आणि "यात काही राहिलं का?" असं विचारायचं. छाप पाडण्यासाठी नवी आश्वासनं देण्याचा मोह इथे होतो. "साठ पाऊचसुद्धा निघतील" असं तो म्हणाला, की आधीचे चाळीसही संशयाखाली येतात.

बोलणी हातून निसटू लागल्याची लक्षणं ओळखता येतात. मालक स्वतः बोलायचे, ते आता "परचेसला विचारा" म्हणतात. कबूल केलेला रोल येत नाही. ठरलेल्या गोष्टी पुन्हा लेखी मागितल्या जातात. अशा वेळी निरोप पाठवत बसण्यापेक्षा विक्रीप्रमुखाने गाडी काढून सोलापूर गाठावं आणि नेमकं काय खटकतंय ते विचारावं.

जुना माणूस प्रतिस्पर्ध्याकडे गेला असेल, तर काही पार्ट्या त्याच्यामागे जातीलच. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायावर बंधन घालणारा करार सर्वसाधारणपणे रद्दबातल ठरतो. त्यामुळे नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जाऊ नये, ही अट न्यायालयात सहसा टिकत नाही. कंपनीची गोपनीय माहिती वापरण्याचा प्रश्न वेगळा आहे. पण गिऱ्हाइकाला वकिलाची भाषा ऐकवून ऑर्डर मिळत नाही.

म्हणून ज्यांच्या हाताखाली विक्रीची माणसं आहेत, त्यांनी राजीनाम्याची वाट पाहू नये. प्रत्येक चालू बोलणीचं ते एक पान आजच लिहून घ्यावं आणि तोंडी दिलेला प्रत्येक शब्द त्यावर आहे ना, हे स्वतः तपासावं.