पौष आधी की माघ?

बालवाडीत वार लवकर पाठ होतात, महिने मात्र अडतात. सातही वारांच्या शेवटी ‘वार’ आहे, त्यामुळे यमक फुकटच मिळतं. चैत्र ते फाल्गुन या बारा नावांना समान शेपूट नाही. तिथे गाण्याचा ठेकाच क्रम धरून ठेवतो.

ठेका कुठे फसतो, ते ‘पौष, माघ’ या जोडीत दिसतं. दोन्ही शब्द तीन-तीन मात्रांचे. मुलाने ‘माघ, पौष’ म्हटलं तरी चाल बिघडत नाही आणि चूक कानाला कळत नाही. ‘मार्गशीर्ष’ चुकून पुढेमागे गेला, तर लांबीमुळे चाल लगेच अडखळते.

म्हणून अशा जागी ठेक्याला अर्थाची आणि अक्षराची गाठ मारावी:

पौषाची पोळी,
माघ मधोमध,
फाल्गुनाची होळी!

संक्रांतीची गूळपोळी बहुधा पौषातच येते, होळी फाल्गुन पौर्णिमेला. ‘पौ-पो’ आणि ‘माघ-मधो’ यांतलं पहिलं अक्षर जुळतं, त्यामुळे अदलाबदल झाली की कानाला खटकते.

गाणं पाठ झालं म्हणजे क्रम समजला असं नाही. ‘श्रावणानंतर कोण?’ असं विचारा. मूल चैत्रापासून म्हणत आलं, तर त्याच्याकडे अजून एक अखंड साखळी आहे, सुटे मणी नाहीत. मग गाणं कधी आषाढापासून, कधी कार्तिकापासून सुरू करावं. फाल्गुनावर न थांबता पुन्हा चैत्र म्हणावा. नाहीतर गाणं संपलं की वर्षही संपलं, असंच मुलाला वाटतं.