तासगावचा बेदाणा, हॅम्बुर्गचा एजंट

परदेशी एजंट नेमायचं पत्र बहुधा दोन पानांत आटपतं. त्यातलं ‘आमचे जर्मनीतले एजंट’ हे वरवर निरुपद्रवी वाक्यच पुढे महागात पडतं.

समजा, तासगावच्या एका बेदाणा निर्यातदाराने हॅम्बुर्गच्या एजंटाला असं पत्र दिलं. ब्रेमेनचा एक व्यापारी मात्र त्याच्याकडून आधीपासूनच थेट माल घेतो आहे. जर्मन व्यापारी कायद्यानुसार एजंटाकडे ठरावीक प्रदेश सोपवला, की तिथल्या ग्राहकांच्या सौद्यांवर त्याचं कमिशन लागू होतं, मग सौदा त्याने जुळवलेला नसला तरी. म्हणून जुन्या ग्राहकांची नावं पत्रातच लिहून त्यांना कमिशनमधून वगळावं लागतं.

कमिशन चार टक्के ठरलं, पण कशावर? 40,000 युरोच्या बिलात जहाजभाडं आणि विमा 3,000 युरोंचा असेल, तर पूर्ण बिलावर 1,600 युरो होतात आणि एफओबी किमतीवर 1,480. ‘ग्राहकाचे पैसे जमा झाल्यावरच कमिशन’ हेही लिहिलेलं बरं. निर्यातीच्या घोषणापत्रात कमिशन दाखवायचं राहून गेलं, तर पैसे परदेशी पाठवण्याआधी बँक लेखी करार मागते. तेव्हा हेच पत्र कामी येतं.

टार्गेट लिहिताना आकड्यापेक्षा तो हुकल्यावर काय होणार, हे अधिक नेमकं लिहावं. पहिल्या वर्षी 60 टन माल खपला नाही, तर एजंटाची मक्तेदारी संपेल आणि निर्यातदार दुसरा एजंट नेमू शकेल, अशी अट पुरते. लगेच एजन्सीच काढून घेण्याची भाषा टाळलेली बरी.

कारण एजंटाला काढणं तिथे स्वस्त नाही. त्याने आणलेल्या ग्राहकांचा फायदा पुढेही मिळत राहणार असेल, तर जर्मनीत तो भरपाई मागू शकतो. तिची कमाल मर्यादा म्हणजे शेवटच्या पाच वर्षांच्या सरासरीने एका वर्षाचं कमिशन. ‘कराराला भारतीय कायदा लागू’ असं लिहून यातून सुटका होईल, असा भरवसा धरू नये. कॅलिफोर्नियाच्या ईटन लिओनार्ड कंपनीने ब्रिटनमधल्या इंगमार या एजंटाच्या करारात कॅलिफोर्नियाचाच कायदा घातला होता. तरीही युरोपात काम करणाऱ्या एजंटाचं हे संरक्षण तसं टाळता येत नाही, असं युरोपीय न्यायालयाने 2000 साली ठरवलं.

अशा वेळी मासिक अहवाल उपयोगी पडतो. एजंट कोणाला भेटला, कोणाला नमुने दिले, काय भाव सांगितला, कोणता खरेदीदार पैसे थकवतो आहे, हे दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत कळवायचं, असं पत्रात असावं. कोणता ग्राहक एजंटाने आणला आणि कोणता आधीपासूनचा होता, हा वाद उठला तर वगळलेल्या नावांच्या यादीसोबत हे अहवालच पुरावा म्हणून पुढे ठेवता येतात.