एका गोष्टीची एकच नोंद

एका गावच्या वाचनालयाने आपली देवघेवीची वही संगणकावर उतरवली आहे, अशी कल्पना करू या. कागदावर जे रकाने होते तेच पडद्यावर आखले गेले: पावती क्रमांक, तारीख, सभासद क्रमांक, नाव, वर्ग, मासिक वर्गणी, नेलेली पुस्तके आणि परतीची तारीख. सभासद आला की एक पावती व्हायची आणि एक ओळ भरली जायची. पावती ४१७ ची ओळ पाहा: सभासद ५८, ‘अ’ वर्ग, वर्गणी ६० रुपये, आणि पुस्तकांच्या रकान्यात १२०३ व ८८७ हे दोन दाखल क्रमांक, त्यांच्या नावांसह.

काही महिने सुरळीत गेले. मग कार्यकारी मंडळाने ‘अ’ वर्गाची वर्गणी ७५ रुपये केली. लेखनिकाने शेकडो ओळींत साठाचे पंचाहत्तर केले. काही नजरेतून सुटल्या. आता सभासद ५८ ची वर्गणी एका ओळीत ६० आहे व दुसऱ्या ओळीत ७५. त्याच्याकडून किती घ्यायचे, हे तक्त्याला विचारावे तर तो दोन उत्तरे देतो. येथे दोष लेखनिकाचा नाही. एकच गोष्ट शेकडो ठिकाणी लिहायला लावणाऱ्या मांडणीचा तो दोष आहे.

एडगर कॉड या गणितज्ञाने आयबीएममध्ये काम करीत असताना १९७० साली माहिती तक्त्यांच्या रूपाने साठविण्याची पद्धत मांडली, आणि लगेच पुढच्या काळात असे तक्ते निर्दोष करण्याच्या पायऱ्याही सांगितल्या. या रीतीला प्रसामान्यीकरण म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण मुख्य पायऱ्या तीनच आहेत. त्या आपण आपल्या वहीवरच चढून पाहू.

पहिली पायरी अशी की, एका घरात एकच गोष्ट असावी. पावती ४१७ वरचे १२०३ परत आले आणि ८८७ आले नाही, तर परतीच्या रकान्यात काय लिहिणार? म्हणून प्रत्येक पुस्तकाला स्वतंत्र ओळ देऊ. आता नुसत्या पावती क्रमांकाने ओळ ओळखता येत नाही. पावती क्रमांक आणि दाखल क्रमांक मिळून तिची किल्ली होते. घोळ मिटला, मात्र पुनरुक्ती वाढली: सभासदाचे नाव दोनदा आले.

दुसऱ्या पायरीवर प्रत्येक रकान्याला विचारावयाचे: तू संपूर्ण किल्लीवर अवलंबून आहेस की तिच्या एका भागावर? पुस्तकाचे नाव केवळ दाखल क्रमांकावरून ठरते. तारीख, सभासद, वर्ग, वर्गणी ही केवळ पावतीवरून कळतात. परतीची तारीख तेवढी दोन्हींची आहे. तेव्हा एका तक्त्याचे तीन होतात: पुस्तके, पावत्या आणि देवघेव. एक लाभ तत्काळ दिसतो. नवे पुस्तक कोणी नेण्यापूर्वीच नोंदता येते. पूर्वी त्याला जागाच नव्हती.

वर्गणीचा तंटा अजून शिल्लक आहे, कारण ती पावत्यांच्या तक्त्यात बसली आहे. तिसरी पायरी विचारते: हा रकाना थेट किल्लीवरून ठरतो, की मध्यस्थामार्फत? पावतीवरून सभासद कळतो, सभासदावरून नाव व वर्ग, आणि वर्गावरून वर्गणी. ही साखळी तोडली पाहिजे. पावतीवर तारीख व सभासद क्रमांक ठेवू. सभासदांच्या तक्त्यात नाव व वर्ग, आणि वर्गांच्या तक्त्यात वर्ग व वर्गणी. असे पाच तक्ते झाले. आता ७५ हा आकडा एकाच घरात बदलावा लागतो. जुनी वही पाहायची असेल तर क्रमांकांच्या आधारे पाचही तक्ते जोडून ती पुन्हा उभी करता येते.

येथे एक सावधगिरी हवी. मार्चमध्ये सभासद ५८ ने प्रत्यक्ष किती भरले, असे कोणी विचारले, तर वर्गांचा तक्ता ७५ सांगेल आणि ते खोटे ठरेल. आजचा दर ही एक गोष्ट आहे. त्या दिवशी घेतलेली रक्कम ही दुसरी. ती वर्गावर अवलंबून नसून त्या भरण्यावर अवलंबून आहे, म्हणून वर्गणीच्या भरण्याचा तक्ता वेगळा ठेवून त्यात ती रक्कम लिहावीच लागेल. दिसायला ती पुनरुक्ती, पण वस्तुतः ती स्वतंत्र नोंद आहे.

कोणती गोष्ट कशावरून ठरते, हे आकड्यांकडे कितीही टक लावून पाहिले तरी कळत नाही. ते वाचनालयाचा व्यवहार जाणणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून तक्ते आखण्यापूर्वी त्या लेखनिकाशेजारी तासभर बसावे.