दुर्बीण माळ्यावर, चंद्र सोसायटीच्या दारात

भाचीला जुलैत सात पूर्ण झाली. घरात चांद्रयानाखेरीज दुसरा विषय नाही. भात कालवतानाही उलटी गिनती चालू. तिला काय द्यायचं हे ठरवताना तिच्या थोरल्या भावाला तीन वर्षांपूर्वी दिलेली दुर्बीण आठवली आणि मी जरा ओशाळलो.

त्या खोक्यावर शनीचा रंगीत फोटो होता आणि ठळक अक्षरांत ‘५२५ पट’. पुढचं भिंग मात्र जेमतेम ५० मिलिमीटरचं. भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट पटीपर्यंतच प्रतिमा धड दिसते, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे १०० पट झाली की संपलं. पुढे नुसता धूसर गोळा मोठा होत जातो. त्यातही शंभर पटीला आकाशाचा इतका लहान तुकडा दिसतो, की पृथ्वीच्या फिरण्यामुळे चंद्र दोनेक मिनिटांत बाहेर सरकतो. पुन्हा धरायला हात लावावा, तर ते काडीसारखं स्टँड थरथरतं. पोराला चंद्र दिसला, पण नाचणारा. चौथ्या दिवशी दुर्बीण माळ्यावर गेली.

या वयाला मी आता बायनॉक्युलर सुचवतो. त्यावर ७×३५ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसणार तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास. सहा ते आठ पट पुरे. दुकानदार १०×५० पुढे करील, पण ते किलोभराच्या आसपास भरतं आणि दहा पटीला हाताचा कंपही दहा पट दिसतो. शनीची कडी बायनॉक्युलरमधून दिसत नाहीत, हे मुलाला आधीच सांगून टाकावं. कृत्तिकांचा झुबका आणि चंद्रावरची मोठी विवरं मात्र झकास दिसतात.

एक गोष्ट खोक्यावर सहसा ठळक लिहिलेली नसते. सात वर्षांच्या मुलाच्या दोन बाहुल्यांत अंतर साधारण पाच-साडेपाच सेंटिमीटर, आणि मोठ्यांची बरीच बायनॉक्युलर्स मिटवूनही तेवढी जवळ येत नाहीत. म्हणून मुलाला दुकानात न्यावं, नळ्या पुरत्या मिटवून रस्त्यापलीकडची पाटी बघायला सांगावी. एकच गोल दिसला तर घ्यावं. पोर गुपचूप एक डोळा मिटायला लागलं, तर ते त्याच्या मापाचं नाही. आणि घरी आल्यावर पहिला नियम: त्यातून सूर्याकडे कधीच बघायचं नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो.

फिरती तारकाचकती घ्यायची तर कोणत्या अक्षांशाची ते पाहावं. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून अठराएक अंशांवर असतो. लंडनच्या आकाशाची चकती त्याला पन्नासच्या वर चढवते, आणि आपला ठळक अगस्त्य तिच्यावर नसतोच.

पण वाढदिवस जुलैतला. बाहेर संततधार. बायनॉक्युलर आणलं, तरी खरा उपयोग नवरात्रात, अष्टमीच्या आसपास. तेव्हा अर्ध्या चंद्रावर ऊन तिरपं पडतं आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या उठून दिसतात. कोजागरीचा चंद्र आटीव दुधाबरोबर छान, पण समोरून ऊन पडल्यामुळे तेव्हा सावल्याच नसतात.

म्हणून तिला आत्ता खेळता येईल असं दिलं: एक बास्केटबॉल, एक टेनिसचा चेंडू आणि दहा मीटरची मोजपट्टी. बास्केटबॉल पृथ्वी धरला, तर टेनिसचा चेंडू जवळजवळ अचूक चंद्राच्या मापाचा. बाजारातल्या सूर्यमालेच्या खेळण्यांत आणि पुस्तकातल्या चित्रांत चंद्र पृथ्वीला चिकटलेला असतो. तिनेही चेंडू वीतभर अंतरावर ठेवला. खरं अंतर पृथ्वीच्या तीस व्यासांचं, म्हणजे इथे सव्वासात मीटर. दिवाणखाना संपला, दार उघडलं, व्हरांडा ओलांडला आणि चंद्र पार शेजाऱ्यांच्या पायपुसण्यावर जाऊन बसला. अंतराळस्थानक कुठे, असं तिनं विचारलं. ते सुमारे चारशे किलोमीटरवर, म्हणजे या चेंडूपासून पाऊण सेंटिमीटर. तिनं बास्केटबॉलवर करंगळी टेकवली, त्या जाडीकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या चेंडूकडे. ‘चांद्रयान एवढं लांब गेलं?’ १४ जुलै २०२३ ला निघालेलं ते यान २३ ऑगस्टला उतरलं. म्हणजे चाळीस दिवसांनी.

मग सूर्याची पाळी. याच मापात तो सव्वीस मीटर रुंद, आठ मजली इमारतीएवढा, आणि पावणेतीन किलोमीटर दूर. तिची शाळा दोन किलोमीटरवर आहे. तिनं थोडा विचार केला आणि आईला हाक मारली, ‘आई, सूर्याला रिक्षाच करावी लागेल. शाळेच्याही पुढे आहे.’