क्रिएटिव्ह डायरेक्टरला कोणती फिल्म पाठवायची?

पूर्ण झालेली फिल्म बघून एडिटरने नेमकं काय केलं हे ओळखणं फार अवघड असतं. कॅमेरामनचं काम पडद्यावर दिसतं, नटाचं दिसतं, संगीत ऐकू येतं. एडिटरने काय टाकून दिलं, कुठे थांबला, कुठला आवाज आधी आणला, हे प्रेक्षकाला कळत नाही आणि कळूही नये. पण काम मागायची वेळ येते तेव्हा हाच गुण अडचणीचा होतो. जाहिरात संस्थेतला क्रिएटिव्ह डायरेक्टर, म्हणजे जाहिरातीची कल्पना आणि तिचं अंतिम रूप ठरवणारा माणूस, रोज अशा कितीतरी लिंक उघडतो. त्यातली एखादीच तो शेवटपर्यंत बघतो. त्या एका बघण्यात त्याला एडिटर दिसायला हवा.

बरेच जण यावर उपाय म्हणून शोरील पाठवतात. आपल्या सगळ्या कामांतले देखणे तुकडे एका दमदार गाण्यावर जोडलेली ती एक-दोन मिनिटांची फीत असते. कॅमेरामनला ती शोभते. एडिटरच्या बाबतीत मात्र ती फारसं काही सांगत नाही, कारण दर सेकंदाला शॉट बदलतो आणि मागचं संगीत सगळं सांभाळून नेतं. हा माणूस एक प्रसंग सलग पेलू शकतो का, बोलणाऱ्याला बोलू देतो का, हे त्यातून कळायला मार्ग नसतो. म्हणून मला वाटतं, एडिटरने एकच फिल्म पुढे करावी, ती पूर्ण असावी, आणि ती निवडण्यावर मनापासून वेळ घालवावा.

माझ्या ओळखीच्या एका मुंबईच्या एडिटरने हे कसं केलं ते सांगतो. एका जाहिरात संस्थेला ट्रॅक्टरच्या कर्जाबद्दल तीन छोट्या फिल्म करायच्या होत्या. त्यात नट नव्हते, खरे शेतकरी कॅमेऱ्यासमोर बोलणार होते. हे कळल्यावर तिने आपल्या कामांकडे त्या नजरेने पाहिलं. तिच्याकडे एका मोटारीची चकचकीत जाहिरात होती. एक म्युझिक व्हिडिओ होता, तो लोकांनी भरपूर पाहिला होता. आणि इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या कारखान्यात चित्रित केलेली दीड मिनिटाची एक माहितीवजा फिल्म होती. ती एकाच कॅमेऱ्यावर, कमी पैशांत झाली होती आणि फारशी कुणी पाहिलीही नव्हती.

मोटारीच्या जाहिरातीत प्रत्येक शॉट आधीच स्टोरीबोर्डवर ठरला होता, तिच्या हातात उरलं होतं ते थोडं लांबी-रुंदीचं काम. म्युझिक व्हिडिओत गाण्याच्या ठेक्याने अर्धे निर्णय घेतले होते. इचलकरंजीच्या फिल्मला मात्र पटकथाच नव्हती. तिला मिळालं होतं एका म्हाताऱ्या जॉबरचं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं, दोन तासांहून जास्त बोलणं आणि मागांचे काही शॉट. त्यातून दीड मिनिटाची गोष्ट तिने शोधली होती. शेतकऱ्यांच्या फिल्ममध्ये तिला नेमकं हेच करावं लागणार होतं. तिने तीच निवडली.

त्या फिल्ममधली एक जागा जवळून पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला पडदा काळा आहे आणि मागांची खडखड चालू आहे. मग धोटा इकडून तिकडे जाताना दिसतो, उभे धागे वर-खाली होतात, आणि जॉबरचा आवाज सुरू होतो. तो अजून दिसत नाही. आवाज आधी आणि चित्र नंतर, अशा या जोडणीला एडिटर जे-कट म्हणतात, कारण एडिटिंगच्या पट्टीवर तिचा आकार त्या इंग्रजी अक्षरासारखा होतो. दोन सेकंदांनी त्याचा चेहरा येतो. त्याला विचारलेलं असतं की माग बिघडला हे कळतं कसं. तो उत्तर देत नाही. मान किंचित वळवून तीन सेकंद नुसता ऐकतो, आणि मग सांगतो की तिसऱ्या रांगेतला माग आता बोलायला लागलाय.

हे तीन सेकंद ठेवणं सोपं नव्हतं. आधीच्या शॉटमध्ये त्याच्या उजव्या हातात चहाचा पेला होता आणि या शॉटमध्ये डाव्या हातात. नियमाने पाहिलं तर ही चूक, आणि ती लपवायला मधे मागाचा एखादा शॉट टाकता आला असता. पण तसं केलं असतं तर ते ऐकणंच झाकलं गेलं असतं. 'अपोकॅलिप्स नाऊ' आणि 'द इंग्लिश पेशंट' या चित्रपटांचे संकलक वॉल्टर मर्च यांनी आपल्या 'इन द ब्लिंक ऑफ ॲन आय' या पुस्तकात कट कुठे द्यावा याचे सहा निकष मांडले आहेत आणि प्रत्येकाला वजन दिलं आहे. भावनेला 51 टक्के, गोष्टीला 23 टक्के, आणि माणसं-वस्तू जागच्या जागी असण्याला फक्त 4 टक्के. तिने पेल्याची चूक राहू दिली. क्रिएटिव्ह डायरेक्टरला दाखवण्यासारखं जे काही होतं ते इथे होतं.

निवड झाली तरी काम संपलं नव्हतं. फिल्म ग्राहकाची होती, म्हणून ती नमुन्यादाखल दाखवायची लेखी परवानगी तिने घेतली. ती आधीच सार्वजनिक झाली होती, म्हणून अडचण आली नाही. प्रसारित न झालेली जाहिरात दाखवणं हा वेगळाच गुन्हा. पासवर्ड लावला तरी तो माफ होत नाही, कारण बघणारा उद्या त्याच ग्राहकाच्या प्रतिस्पर्ध्यासाठी काम करत असू शकतो.

मग तिने फिल्म स्वतःच्या फोनवर लावून पाहिली, आणि इथे एक गोष्ट उघडी पडली. स्टुडिओतल्या स्पीकरवर त्या तीन सेकंदांच्या शांततेत कारखान्याची खोल घरघर ऐकू येत होती. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला खालच्या पट्टीतले आवाज काढताच येत नाहीत. त्यामुळे फोनवर ती शांतता पूर्ण कोरी झाली होती, आणि चेहराही जवळजवळ स्थिर, म्हणजे बघणाऱ्याला वाटणार की व्हिडिओ अडकला. तिने शेजारच्या शेडमधल्या मागाची बारीक खटखट, जी मूळ ध्वनिमुद्रणातच होती, थोडी वर उचलली. तेवढ्याने शांतता जिवंत झाली. कामाची लिंक मोठ्या पडद्यावर बघितली जाईल असं धरून चालणारे इथे हमखास फसतात. ती बहुधा टॅक्सीत किंवा दोन मीटिंगच्या मधे फोनवरच उघडते.

क्रिएटिव्ह डायरेक्टरला मराठी येत नव्हतं, आणि जॉबरची बोली तर अस्सल इचलकरंजीची. म्हणून इंग्रजी उपशीर्षकं तिने चित्रातच कोरून टाकली. वेगळी चालू करावी लागणारी उपशीर्षकं बघणारा चालू करेलच असं नाही. मात्र त्या तीन सेकंदांवर तिने एक अक्षरही ठेवलं नाही, कारण खाली मजकूर दिसला की डोळे चेहरा सोडून तिकडे जातात.

लिंकसाठी तिने व्हिमिओ वापरलं. त्याचं कारण साधं होतं: तिथे जुन्या फाइलच्या जागी सुधारलेली फाइल ठेवता येते आणि लिंक तीच राहते. यूट्यूबवर नवी फाइल म्हणजे नवी लिंक, शिवाय फिल्म संपताच शेजारी भलतेच व्हिडिओ उभे राहतात. गूगल ड्राइव्हची लिंक पाठवताना परवानगी बदलायची राहिली, तर समोरच्याला फिल्मऐवजी प्रवेश मागायची विनंती दिसते, आणि तो ती पाठवत बसत नाही. व्हॉट्सॲपवर नुसताच व्हिडिओ पाठवला तर तो इतका दाबला जातो की धागे एकमेकांत मिसळून जातात. पाठवण्याआधी तिने लिंक खासगी विंडोत, कुठल्याही खात्यात लॉगिन न करता, मोबाइल डेटावर उघडून पाहिली. स्वतःच्या संगणकावर लिंक चालते याचा काही उपयोग नसतो, कारण तिथे आपण आधीच आत असतो.

मेल इंग्रजीत होता. मराठीत आणायचा तर असा:

“नमस्कार सर. शेतकऱ्यांच्या फिल्मसाठी तुम्ही एडिटर शोधत आहात असं कळलं. सोबत दीड मिनिटाची एक फिल्म आहे, इचलकरंजीच्या एका माग-कारागिरावरची. पटकथा नव्हती, दोन तासांहून जास्त मुलाखतीतून गोष्ट एडिटमध्ये उभी केली. एडिटिंग आणि आवाजाची मांडणी माझी आहे, कॅमेरा आणि रंगसंस्कार दुसऱ्यांचे. 40 व्या सेकंदाला तो उत्तर देण्याऐवजी ऐकत थांबतो, ती जागा तुमच्या कामाला जवळची वाटली म्हणून हीच फिल्म पाठवते आहे. बाकीची कामं त्याखालच्या दुसऱ्या लिंकवर आहेत.”

या मेलमधलं मला सगळ्यात पटतं ते म्हणजे तिने काय केलं आणि काय केलं नाही, हे दोन्ही सांगितलं आहे. जाहिरातीच्या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. दुसऱ्याच्या रंगसंस्काराचं श्रेय गप्प राहून घेतलं तर ते एका फोनमध्ये कळतं. आणि कच्चा माल काय होता हे सांगितल्याशिवाय एडिटिंगची पारख होतच नाही. दोन तासांतून दीड मिनिट हे वाक्य वाचूनच समोरचा फिल्म वेगळ्या नजरेने बघायला लागतो. 40 व्या सेकंदाचा उल्लेखही मोघम नाही. घाईतला माणूस थेट तिथे जाऊ शकतो, आणि तिथे खरंच काहीतरी आहे. आपली शैली, आपली तळमळ यांबद्दल तिने एक शब्द लिहिला नाही ते बरंच झालं, कारण ते वाचून कुणीच काम देत नाही.

अर्थात एका फिल्मने सगळं सिद्ध होत नाही. आपल्याकडे टीव्हीवरच्या जाहिरातीच्या वेळेचा भाव दहा सेकंदांच्या हिशेबाने लागतो, त्यामुळे एकाच जाहिरातीची 40, 20 आणि 10 सेकंदांची रूपं करावी लागतात. संथ फिल्म करणाऱ्या एडिटरला हे जमेल का, ही शंका रास्त असते. म्हणूनच तिने दुसऱ्या लिंकवर मोटारीची जाहिरात तिच्या तिन्ही लांबींसह ठेवली होती. तरीही चार दिवसांनी उत्तर आलं ते याच शंकेचं: ती थांबण्याची जागा आवडली, पण 20 सेकंदांत ती टिकेल का?

तिने समजावत बसण्याऐवजी त्याच फिल्मची 20 सेकंदांची एक आवृत्ती करून पाठवली. सुरुवातीचा काळा पडदा गेला, मागाचे शॉट दोनच राहिले, विचारलेला प्रश्न पडद्यावर अक्षरांत आला. आपल्याकडे सेकंदाला 25 फ्रेम असतात. कारागिराचं ते ऐकणं तीन सेकंदांवरून एक सेकंद दहा फ्रेमवर आलं. एक सेकंदावर ते नुसतं अडखळल्यासारखं दिसत होतं. दहा फ्रेम वाढवल्यावर त्याची मान वळलेली दिसत होती, आणि पेला अजूनही चुकीच्याच हातात होता.