एक्सपायरीला नेमका किती वेळ उरला?

शुक्रवार, ११ एप्रिल २०२५. दुपारी साडेतीनला मुंबईचा बाजार बंद झाला. निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनची मुदत पुढच्या गुरुवारी, १७ तारखेला संपणार होती. मग मुदतीला किती दिवस उरले होते? भिंतीवरच्या कॅलेंडरप्रमाणे सहा. पण शनिवार-रविवार बाजार बंद, आणि सोमवारी १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी. प्रत्यक्ष उलाढालीचे दिवस उरले तीनच: मंगळवार, बुधवार, गुरुवार.

सहा की तीन, याने फरक पडतो, कारण ऑप्शनच्या किमतीत वेळ थेट मिसळलेला असतो. निफ्टी जिथे आहे त्याच भावाच्या ऑप्शनचा प्रीमियम अंदाजे असा काढता येतो: ०.४ गुणिले निर्देशांक, गुणिले वार्षिक अस्थिरता, गुणिले उरलेल्या वेळेचे वर्गमूळ. हा वेळ वर्षाच्या अपूर्णांकात मोजतात आणि सूत्रात त्याला `T` म्हणतात. सोयीसाठी निफ्टी २२,८०० आणि अस्थिरता २० टक्के धरू. कॅलेंडरचे सहा दिवस भागिले ३६५ केले, तर प्रीमियम येतो सुमारे २३४ रुपये. बाजाराचे तीन दिवस भागिले २५० केले (वर्षात उलाढालीचे दिवस साधारण तेवढेच भरतात), तर २००. त्या वेळी निफ्टीचा लॉट ७५ चा होता, म्हणजे एका लॉटमागे अडीच हजार रुपयांचा फरक, आणि तोही केवळ दिवस मोजण्याच्या पद्धतीमुळे.

हाच हिशेब उलटा केला, तर गोंधळ अधिक स्पष्ट दिसतो. बाजारात प्रीमियम २०० आहे. त्यावरून अस्थिरता काढली, तर एक प्रोग्राम २० टक्के सांगेल, दुसरा १७. दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, पण त्यांच्या आकड्यांची तुलना मात्र करू नये. खरी चूक तिसऱ्याची: तो वर सुट्ट्या वगळून तीन दिवस घेतो आणि खाली ३६५ ने भागतो. वरचा आणि खालचा आकडा एकाच पद्धतीने मोजलेला हवा, एवढे साधे पथ्य पुष्कळ प्रोग्राम मोडतात.

दिवसांचा प्रश्न सुटला, तरी तासांचा उरतोच. बहुतेक नवशिके पायथॉनमध्ये `(expiry - today).days` असे लिहून मोकळे होतात. हा कोड पूर्ण दिवसच मोजतो. गुरुवारी सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा त्याच्या लेखी शून्य दिवस उरलेले असतात, `T` शून्य होतो आणि सूत्रात शून्याने भागाकार होऊन पडद्यावर `nan` उमटते. मग कोणीतरी वैतागून एक दिवस वाढवतो. `nan` जाते, पण उत्तर बिघडते. त्या गुरुवारी दुपारी अडीच वाजता मुदतीला साठ मिनिटे उरली होती. त्यानुसार प्रीमियम ४६ च्या आसपास यायला हवा. पूर्ण दिवस धरणारा प्रोग्राम ११५ दाखवतो. शेवटच्या दिवशी ऑप्शनचा भाव तासागणिक वितळत असताना हा प्रोग्राम दिवसभर एकाच आकड्यावर अडून बसतो. चूक ओळखायची खूणही तीच.

अशीच दुसरी चूक घड्याळाची. भाड्याचा सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतो आणि ती आपल्या साडेपाच तास मागे आहे. तिथे नुसते `datetime.now()` लिहिले, तर आपल्या दुपारी अडीचला प्रोग्राम सकाळचे नऊ समजतो आणि अख्खे सत्र बाकी धरतो. घरच्या लॅपटॉपवर सगळे चोख चालते, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही.

यावरचा उपाय म्हणजे वारांचे नियम बाजूला ठेवून सत्रांची यादी बाळगणे. बाजार ज्या दिवशी उघडतो, त्या दिवसाची सुरुवात आणि शेवट `Asia/Kolkata` या वेळेसह नोंदवायचा आणि आतापासून मुदतीपर्यंतची फक्त चालू मिनिटे मोजायची:

```python
def minutes_left(now, expiry, sessions):
    total = 0
    for start, end in sessions:
        a, b = max(start, now), min(end, expiry)
        if b > a:
            total += (b - a).total_seconds() / 60
    return total
```

इथे `expiry` म्हणजे नुसती तारीख नव्हे. त्या तारखेचे दुपारचे ३:३०. नेहमीचे सत्र ३७५ मिनिटांचे, म्हणून वर्षाची मिनिटे ढोबळमानाने ९३,७५०. आलेल्या मिनिटांना त्याने भागले की `T` मिळतो. ११ एप्रिलच्या संध्याकाळसाठी उत्तर ११२५ यायला हवे.

यादीच का, नियम का नाही? कारण नियम टिकत नाहीत. निफ्टीची मुदत वर्षानुवर्षे गुरुवारी संपत असे. सप्टेंबर २०२५ पासून ती मंगळवारी आली. ठरलेल्या दिवशी सुट्टी आली, तर मुदत आदल्या कामकाजाच्या दिवशी सरकते. १ मे २०२५ हा महाराष्ट्र दिन नेमका गुरुवारी होता, त्यामुळे त्या आठवड्याचा सौदा बुधवारी ३० एप्रिललाच संपला. (महाराष्ट्राचा सण, पण सौदे थांबतात साऱ्या देशाचे, शेअर बाजार मुंबईत असल्याचा हा परिणाम.) उलटही घडते. १ फेब्रुवारी २०२५ ला शनिवार असूनही अर्थसंकल्पासाठी बाजार पूर्ण वेळ चालला. शनिवार-रविवार आपोआप वगळणाऱ्या तयार फंक्शनने त्या दिवसाची ३७५ मिनिटे गिळली असती. म्हणून मुदतीची तारीख बाजाराच्या कॉन्ट्रॅक्ट फाइलमधून घ्यावी, वारावरून ताडू नये. सुट्ट्यांची यादीही वर्षातून एकदा उतरवून भागत नाही. २० नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा मतदानाची सुट्टी त्याच महिन्यात जाहीर झाली होती.

फक्त चालू मिनिटे मोजण्याच्या पद्धतीलाही मर्यादा आहे. तिच्या मते रात्री आणि सुट्टीत काहीच घडत नाही. पण अमेरिकी आयातशुल्काच्या धक्क्यानंतर सोमवारी ७ एप्रिल २०२५ ला निफ्टी उघडतानाच हजाराहून अधिक अंकांनी खाली होता. ती सगळी हालचाल बंद बाजारातली. तरीही बंद काळाला चालू काळाइतके वजन देणे अति होईल. केनेथ फ्रेंच आणि रिचर्ड रोल यांनी १९८६ मध्ये अमेरिकी शेअरवर दाखवले, की शुक्रवार बंद ते सोमवार बंद या तीन दिवसांतला चढउतार एका साध्या दिवसापेक्षा जेमतेम दहाएक टक्के जास्त असतो. म्हणून जाणकार सुट्टीच्या दिवसाला पूर्ण दिवसाऐवजी छोटासा अंश देतात. व्याजाचे मात्र वेगळे: ते सुट्टीतही चढते. त्यामुळे अस्थिरतेसाठी एक `T` आणि व्याजासाठी कॅलेंडरचा दुसरा, असे दोन आकडे ठेवणे उत्तम. आठवड्याच्या सौद्यात व्याज नगण्य असते, वर्षभराच्या सौद्यात नसते.

शेवटच्या अर्ध्या तासात आणखी एक गुंता आहे. एप्रिल २०२५ च्या पद्धतीत सौदा साडेतीनच्या क्षणाच्या भावावर मिटत नसे, तर ३:०० ते ३:३० मधल्या भारित सरासरीवरून काढलेल्या बंद भावावर मिटत असे. सव्वातीनला अर्धी सरासरी ठरून गेलेली असते, त्यामुळे उरलेल्या पंधरा मिनिटांत शेवटचा भाव फारसा हलू शकत नाही. मिनिटे अचूक मोजणारा प्रोग्रामही इथे ऑप्शन महाग दाखवतो. तीननंतर त्याच्या आकड्यावर विसंबू नये.

आपले फंक्शन तपासायचे असेल, तर २०२५ ची दिवाळी घ्यावी. मंगळवारी, २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन असल्याने त्या आठवड्याची मुदत सोमवारी २० तारखेलाच संपली. मंगळवारी मुहूर्ताचे सौदे तेवढे झाले, दुपारी १:४५ ते २:४५. बुधवारी बलिप्रतिपदेची सुट्टी. सोमवारच्या साडेतीनपासून २८ ऑक्टोबरच्या साडेतीनपर्यंत मोजल्यास उत्तर १५६० मिनिटे यायला हवे. १५०० आले, तर मुहूर्ताचा तास यादीत नाही. १८७५ आले, तर त्या तासाला अख्खा दिवस धरले आहे.